बारा नाचणारे, दहा अंश आणि एक अंबाडा

एका मित्राच्या एकांकिकेसाठी मागच्या पडद्यावर तारपा नाच हवा होता. वारली आकृत्यांचा, आणि तासभर न थांबता चालणारा. आठ-दहा सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा फिरत राहावा आणि जोड कुठे आहे ते प्रेक्षकाला कळू नये, एवढीच त्याची अट. मी एका एआय साधनाला सांगितलं, ‘वारली चित्रशैलीत तारपा नाच, लयबद्ध लूप’. पडद्यावर जे आलं ते बघून मित्र खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. नाचणाऱ्यांना पाच-पाच बोटं होती, दोघींच्या चेहऱ्यावर हसू होतं, कॅमेरा ड्रोनसारखा गोल घिरट्या घालत होता, आणि मधोमध उभा असलेला माणूस सॅक्सोफोन वाजवत होता.

वारली हा शब्द त्या यंत्राला माहीत नव्हता असं नाही. उलट फार ऐकून माहीत होता. पण त्याने वारली पाहिली ती कुशनच्या खोळींवर, कॉफीच्या मगांवर आणि हॉटेलच्या भिंतींवर. अशी यंत्रं इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्यांखालच्या वर्णनांवर शिकतात, आणि तिथे ‘वारली’ या शब्दाखाली काय-काय खपतं ते आपण जाणतोच. म्हणून शैलीचं नाव सांगून भागत नाही. ती शैली कशाची बनली आहे ते सांगावं लागतं, आणि त्यासाठी आधी ती आपल्याला ठाऊक हवी.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या पट्ट्यातल्या वारली घरांत हे चित्र मुळात लग्नाच्या वेळी भिंतीवर यायचं. सवाशिणी लग्नाचा चौक लिहायच्या, त्यात पालघाट देवी बसायची. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. एवढीच सामग्री असल्यामुळे आकृतीही काटकसरीची. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड झालं, वर एक गोळा म्हणजे डोकं, हातपाय म्हणजे साध्या रेघा. बाई असेल तर डोक्याच्या मागे आणखी एक लहान गोळा, तो अंबाडा. डोळे नाहीत, नाक नाही, सावली नाही. लांबचा माणूस लहान आणि जवळचा मोठा हा हिशोबही नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी १९७०च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, रोजच्या जगण्यात पसरवली, आणि त्यांच्या कागदावर माणसांच्या रांगा, मुंग्या, मासे, जाळी सगळंच चालतंय असं वाटू लागलं. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले.

हलत्या चित्राच्या दृष्टीने सगळी गंमत त्या दोन त्रिकोणांच्या टोकात आहे. तिथे कंबर आहे, पण कंबरेला जाडी नाही. एक बिंदू फक्त. कळसूत्री बाहुलीच्या सांध्यात खिळा असतो तसा तो बिंदू. वरचा त्रिकोण त्याभोवती झुकतो, खालचा त्याभोवती वळतो, आणि दोन्ही त्रिकोण आपापला आकार सोडत नाहीत. वारली आकृती नाचते ती अशी, सांध्यात वळून. अंग ताणून किंवा फुगवून ती नाचत नाही. व्हिडिओ बनवणारी यंत्रं मात्र खऱ्या माणसांच्या चित्रफितींवर वाढलेली, त्यामुळे माणूस हलला की त्याचं अंग मऊ होणार हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. मोकळं सोडलं तर दोन सेकंदांत कंबरेच्या बिंदूला मांस चढतं आणि त्रिकोणाचे खांदे गोल होतात.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी ‘वारली’ हा शब्दच काढला आणि भूमिती लिहिली. इंग्रजीत लिहिली, कारण या यंत्रांच्या शिकवणीतली वर्णनं बहुतेक इंग्रजीत असतात.

```
Flat 2D drawing, solid white on plain dark brown.
Twelve figures of equal size in one closed ring,
centred in a square frame, evenly spaced, hands joined.
Body: two solid triangles touching at their tips.
Head: plain solid disc. Limbs: single straight strokes.
Every second figure has a small disc behind the head.
```

यात ‘चेहरा नको, बोटं नकोत’ असं कुठेही नाही, ते मुद्दाम. नकार या यंत्रांना नीट कळत नाही. ‘नो फेस’ म्हटलं तरी ‘फेस’ हा शब्द वाक्यात आला, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच चेहरा उमटतो. डोकं म्हणजे भरीव गोळा असं सांगितलं की चेहऱ्याला जागाच उरत नाही. काही साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तिथे हवं तर चेहरा आणि सावली लिहावी. तारप्याचाही मी उल्लेख केला नाही. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मिळून झालेलं वाद्य त्याने पाहिलेलंच नाही, म्हणून ते प्रत्येक वेळी जवळचं काहीतरी उचलतं. एकदा सॅक्सोफोन, एकदा गारुड्याची पुंगी. तारपकऱ्याला मी नंतरसाठी बाजूला ठेवला.

बाराच नाचणारे का, तर रेघेच्या जाडीमुळे. म्हशांच्या चित्रात शेकड्याने माणसं वेटोळं घालतात आणि ते बघून कुणालाही वाटतं की आपणही तसंच करावं. पण ही यंत्रं प्रत्येक चित्र आधी आवळून घेतात. मी वापरलं ते अलीबाबाचं ‘वान’ हे खुलं मॉडेल उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी आठपट आवळतं, म्हणजे आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाचा मजकूर एका कप्प्यात बसवतं. ७२० ठिपक्यांच्या चौकोनी चौकटीत २३० ठिपके त्रिज्येचं रिंगण घातलं तर त्याचा परीघ साधारण १४५० ठिपके. बारा जणांत वाटला तर प्रत्येकाला १२० ठिपके जागा मिळते, आणि हाताची रेघ आठ ठिपके जाड ठेवता येते. तेच चाळीस जण घातले तर एकेकाच्या वाट्याला ३६ ठिपके, आणि रेघ दोन ठिपक्यांची. इतकी बारीक रेघ आवळताना हरवते आणि उलगडताना भलतीकडे उगवते. पडद्यावर हात लुकलुकताना दिसले की ओळखावं, माणसं जास्त झाली आहेत.

शिवाय मोजणं हे या यंत्रांचं दुखणं. बारा सांगितले की कधी अकरा येतात, कधी तेरा. मी तीन-चार चित्रांतून एक बरा पुरुष आणि एक बरी बाई निवडली, चित्र काढायच्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्या जोडीच्या सहा प्रती केल्या आणि साठ-साठ अंशांवर फिरवून रिंगण पुरं केलं. ओळीने पुरुष, बाई, पुरुष, बाई. रिंगणाचं केंद्र चौकटीच्या बरोब्बर मध्यावर आणलं. ही चार-दोन ठिपक्यांची चोखंदळी पुढे उपयोगी पडणार होती.

आता हालचाल. चित्र देऊन त्याला चालतं करायचं, आणि शेवटी पुन्हा त्याच चित्रावर आणायचं, अशी सोय ‘वान’मध्ये आहे. पहिली फ्रेम द्या, शेवटची द्या, मधलं ते भरतं. मग लूपसाठी दोन्हीकडे एकच चित्र दिलं की झालं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. यंत्राने पाच सेकंद एक स्थिर चित्र दिलं. त्याची काय चूक? जिथून निघायचं तिथेच पोचायचं असेल तर न निघणं हाच सगळ्यांत जवळचा रस्ता.

इथे नाचाचा एक गुण कामी येतो. रिंगणातला प्रत्येक जण एक पूर्ण फेरी मारेपर्यंत थांबायची गरज नाही. प्रत्येक जण पुढच्याच्या जागेवर गेला की चित्र पुन्हा पहिल्यासारखं दिसतं, कारण आकृत्या एकसारख्या आहेत. बारा जणांच्या रिंगणात हे अंतर तीस अंश. पण माझ्या आकृत्या एकसारख्या कुठे होत्या? पुरुष तीस अंश सरकला की तो बाईच्या जागी येतो, आणि लूप पहिल्या फ्रेमवर उडी मारतो त्या क्षणी सहा पुरुषांना अंबाडे फुटतात नि सहा बायकांचे झडतात. जोडीजोडीने नाचायचं तर दोन जागा, म्हणजे साठ अंश सरकायला हवं. वेगवेगळी माणसं जितकी जास्त, तितका लूप लांब.

साठ अंश एका दमात नेणं यंत्राला झेपत नाही, म्हणून मी वीस-वीस अंशांचे तीन टप्पे केले. पहिलं चित्र मूळ, शेवटचं तेच वीस अंश घड्याळाच्या दिशेने फिरवलेलं. आणि रिंगण उलटं फिरलं! जुन्या सिनेमात पळत्या टांग्याचं चाक मागे फिरताना दिसतं, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक जण वीस अंश पुढे गेला, तर त्याच्या मूळ जागेच्या सगळ्यांत जवळ कोण येतो? त्याच्या मागचा. तो तीस अंश मागे होता, वीस पुढे आला, आता दहाच अंश मागे आहे. यंत्र दोन चित्रांतल्या आकृत्या जुळवताना जवळची निवडतं. त्याने सगळ्यांना दहा अंश मागे ढकललं आणि वाटेत बेमालूमपणे अंबाड्यांची अदलाबदल केली. मी ‘क्लॉकवाइज’ लिहिलं होतं, ठळक लिहिलं होतं. पण शब्द आणि चित्र यांत तंटा लागला की चित्र जिंकतं.

एका टप्प्याचं सरकणं दोन आकृत्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून कमी ठेवणं, हाच यावर उपाय. तीसचं निम्मं पंधरा, म्हणून मी दहा अंश घेतले. आता प्रत्येकाला सगळ्यांत जवळचा तो स्वतःच, आणि दिशेबद्दल शंका नाही. साठ अंशांसाठी असे सहा टप्पे. सहाही टप्पे वेगवेगळे बनवून घ्यायला बसलो असतो तर आणखी एक आठवडा गेला असता, कारण यंत्र प्रत्येक वेळी जरा वेगळं नाचतं. पण दुसरा टप्पा म्हणजे पहिलाच टप्पा, दहा अंश फिरवलेला. तिसरा वीस अंश फिरवलेला. एकच तुकडा मनासारखा मिळवायचा आणि त्यालाच पाच वेळा फिरवून पुढे जोडायचा. म्हणून ते केंद्र नेमकं मध्यावर हवं होतं.

या एका तुकड्यासाठी लिहिलेला मजकूर असा होता.

```
Static camera. The ring turns clockwise a little.
All figures bend their knees once, together,
then straighten. Each body hinges only at the point
where the triangles meet. Shapes stay rigid.
Line thickness and background stay unchanged.
```

‘लयबद्ध’ हा शब्द पहिल्या खेपेला होता, आता नाही. ताल त्या यंत्राला ऐकू येत नाही. त्याला अंगाने काय करायचं ते सांगावं लागतं, आणि कितीदा तेही. एका तुकड्यात एकदा वाकणं, एकदा उठणं. सहा तुकडे जोडले की सहा ठेके आपोआप पडतात, सारख्या अंतरावर. माझ्या मते अशा कामात लय लिहिता येत नाही, ती कापून-जोडून मिळते.

कॅमेरा स्थिर हवा हे पहिल्याच ओळीत लिहावं. ते राहून गेलं की यंत्र हटकून कॅमेरा आत सरकवतं, रिंगण लंबगोल होतं, मागची माणसं लहान होतात, आणि सारवलेल्या भिंतीचं एकदम मैदान होतं.

तुकडा बरा की वाईट हे नुसतं पाहून कळत नाही, डोळा नाचाबरोबर वाहत जातो. मी एकेक फ्रेम पुढे ढकलून अंबाडे पाहत असे. वारली आकृतीला चेहरा नाही, त्यामुळे ती कुठल्या बाजूला बघते आहे हे फक्त अंबाड्यावरून समजतं. तारपा नाचात तारपकऱ्याला पाठ दाखवत नाहीत. अंबाडा मध्येच केंद्राच्या बाजूला सरकला, तर त्या बाईने तारपकऱ्याकडे पाठ केली असा अर्थ होतो, मग बाकी कितीही सुबक असो. नऊ तुकडे यासाठी टाकले. दोन तुकड्यांत गुंफलेले हात सुटून शेजाऱ्याच्या पायाला चिकटले होते, कारण रेघेवर रेघ आली की कुठली कुणाची हे यंत्र विसरतं. हात कमरेमागून न गुंफता हाताला हात दिला, तेव्हा हे थांबलं. खऱ्या नाचात कमरेभोवतीच्या हातांनी जी घट्ट साखळी होते ती त्यात गेली, हे मला आजही खुपतं.

पसंत पडलेला तुकडा ८१ फ्रेमचा होता, सेकंदाला १६ या हिशोबाने पाच सेकंदांचा. शेवटची फ्रेम म्हणजे पुढच्या टप्प्याची पहिली, म्हणून ती टाकायची. ठेवली तर प्रत्येक ठेक्यावर सूक्ष्म अडखळ येते. उरलेल्या ८० मधून दर पाचवी घेतली की १६ राहतात. सहा टप्प्यांच्या ९६ झाल्या, आणि सेकंदाला १२ दाखवल्या की बरोबर आठ सेकंद. फ्रेम कमी केल्याने नाच खराब होईल अशी भीती होती, पण उलटच झालं. यंत्राची गुळगुळीत, तेल लावल्यासारखी हालचाल या टोकदार आकृत्यांना शोभत नव्हती. हाताने काढलेल्या चलच्चित्रांतही सेकंदाला बारा चित्रं पुष्कळदा पुरतात, आणि तो किंचित खडबडीतपणा इथे जवळचा वाटला.

फिरवण्याआधी एक सफाई केली. ठरावीक उजेडापेक्षा जास्त ते पांढरं, बाकी सगळं काळं. यंत्राने रेघांच्या कडेला सोडलेली राखाडी धूसर आणि पार्श्वभूमीची थरथर एका फटक्यात गेली. मग दुसरा टप्पा असा झाला, बाकीचे अंश बदलून तसेच.

```
ffmpeg -i tappa1.mp4 -vf "rotate=10*PI/180" tappa2.mp4
```

फिरवताना कोपऱ्यात रिकाम्या जागा येतात, त्या हा आदेश काळ्यानेच भरतो, म्हणून सांधा दिसत नाही. सगळं जोडून झाल्यावर सहाव्या टप्प्याची शेवटची फ्रेम आणि पहिल्याची पहिली अशा दोन चित्रांवर एक नजर टाकली. त्यांत एका फ्रेमइतकाच फरक हवा, तेवढाच होता. आणि अखेर काळ्याच्या जागी गेरूने सारवलेल्या खऱ्या भिंतीचा फोटो आला. भिंत आता हलत नव्हती, फक्त माणसं हलत होती. पांढऱ्या रेघांमधून भिंतीचा खरखरीतपणा थोडा झिरपू दिला, कारण पिठाचा रंग कधीच एकसारखा बसत नाही.

मित्राला मुळात वेटोळं हवं होतं, कारण चित्रात तारपा नाच तसाच असतो. पण वेटोळ्याला दोन टोकं. सगळे एक जागा पुढे सरकले की पुढचा गायब होतो आणि शेपटाला एक नवा हवेतून उगवतो. ते करायचंच असेल तर पुढचं टोक एखाद्या झोपडीआड न्यावं आणि मागचं चौकटीबाहेरून आत आणावं. आमच्या पडद्याच्या मापात ते बसेना, म्हणून बंद रिंगणावर तडजोड झाली.

एवढं ऐकून एका ओळखीच्या अ‍ॅनिमेशनवाल्याने विचारलं, ‘सोळा चित्रं हाताने काढली असतीस तर दोन संध्याकाळी लागल्या असत्या, नाही का?’ लागल्या असत्या. ज्याचा हात चालतो त्याने तेच करावं. नीना सबनानींनी ‘हम चित्र बनाते हैं’मध्ये भिल्ल चित्रं हलती केली, त्या चित्रांतली ठिपक्यांची दाटी तर या यंत्राने पार उकळून टाकली असती. माझा हात चालत नाही. मला यंत्राकडून गुडघा वाकण्याच्या सोळा अवस्था हव्या होत्या, तेवढ्या त्याने दिल्या.

श्रेयनामावलीत काय लिहायचं यावर मात्र वाद झाला. मित्र म्हणाला ‘वारली चित्रं’. २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव त्या मुलखातल्या चित्रकारांच्या हातच्या कामासाठी आहे. आमचं काम त्यात बसत नाही. ‘वारली आकृत्यांवरून, संगणकावर केलेलं’ असं लिहिलं. कुणा चित्रकाराचं नाव प्रॉम्प्टमध्ये घातलं नव्हतं, आणि पालघाटीला तर मी हात लावला नसता. लग्नाच्या चौकातली देवी नाटकाच्या पडद्यावर गोल फिरवायची कल्पनाच मला सोसवत नाही.

राहिला तारपकरी. तो रिंगणाबरोबर फिरत नाही, मधोमध असतो, म्हणून त्याला फिरणाऱ्या तुकड्यात घालता येत नव्हतंच. त्याची दोनच चित्रं मी वेडीवाकडी हाताने काढली आणि दर सहा फ्रेमला आलटून-पालटून लावली. वाजवतो आहे हे दाखवायचं कसं यावर बराच वेळ अडलो, कारण वारली आकृतीला फुगवायला गाल नसतात. शेवटी एका चित्रात तारप्याचं टोक दोन बोटं वर घेतलं, दुसऱ्यात खाली.